बुध, बोलणे आणि तेच ते भांडण

लग्नाला दहा-बारा वर्षे झालेल्या नवरा-बायकोंची भांडणे नीट ऐकली, तर एक गोष्ट लक्षात येते. भांडणाचे निमित्त बदलते, पण भांडण बदलत नाही. कधी गावाला जाण्यावरून, कधी मुलाच्या क्लासच्या फीवरून, कधी पाहुण्यांवरून सुरुवात होते. पाच मिनिटांत दोघेही आपापल्या ठरलेल्या वाक्यांवर येऊन पोहोचतात. ‘तुम्ही कधी स्पष्ट बोलतच नाही’ हे एकाचे वाक्य आणि ‘तू नुसती उलटतपासणी घेतेस’ हे दुसऱ्याचे. पुढचे काय होणार हे दोघांना माहीत असते, ऐकणाऱ्या मुलांनाही माहीत असते.

असे जोडपे पत्रिका घेऊन ज्योतिषाकडे जाते, तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न बहुधा एकच असतो. ‘लग्नाच्या वेळी गुण तर चांगले जुळले होते. मग हे असे का?’ या प्रश्नाला ज्योतिषी जे उत्तर देतात त्यात बुध या ग्रहाचे नाव हमखास येते. ते उत्तर कसे तयार होते, त्यातला कोणता भाग कामाचा आहे आणि कोणत्या भागापासून सावध राहायला हवे, हे आज आपण पाहू.

आधी गुणमेलनाचे पाहू. आपल्याकडे रूढ असलेल्या पद्धतीत आठ कूटे असतात आणि त्यांचे मिळून ३६ गुण होतात. वर्णाचा एक, वश्याचे दोन, तारेचे तीन, योनीचे चार, ग्रहमैत्रीचे पाच, गणाचे सहा, भकूटाचे सात आणि नाडीचे आठ. ही आठही कूटे वधू-वरांच्या चंद्रावरून, म्हणजे जन्मनक्षत्र आणि जन्मराशीवरून काढली जातात. पत्रिकेतला बुध कोठे आहे हे त्यात पाहिलेच जात नाही. अपवाद एवढाच की, दोघांपैकी एकाची चंद्ररास मिथुन किंवा कन्या असेल, तर राशीचा स्वामी म्हणून बुध ग्रहमैत्रीच्या पाच गुणांत डोकावतो. त्यामुळे ‘३० गुण जुळले आणि तरी बोलणे जुळत नाही’ यात ज्योतिषाच्या दृष्टीने विसंगती काहीच नाही. चंद्र मनाचा कारक आणि बुध वाणीचा व बुद्धीचा कारक, अशी त्यांची वाटणी आहे. मने जुळली की नाहीत ते गुणांवरून पाहिले, बोलणे जुळते की नाही हे पाहायचे राहून गेले, असे ते सांगतात.

आता हा बुध पाहायचा म्हणजे काय पाहायचे? ज्योतिषी साधारण तीन गोष्टी पाहतो. पहिली, दोघांचा बुध कोणत्या राशीत आहे. दुसरी, एकाच्या बुधापासून दुसऱ्याचा बुध कितवा येतो. आणि तिसरी, भांडणाच्या काळात आकाशातला चालता बुध काय करत होता. याशिवाय द्वितीय स्थान, म्हणजे वाणीचे स्थान, आणि सप्तम स्थान, म्हणजे जोडीदाराचे स्थान, यांचाही विचार होतो. पण मुख्य धागा या तीन गोष्टींचा.

राशीवरून बोलण्याची पद्धत कशी ठरवतात? येथे तत्त्वांचा आधार घेतात. मेष, सिंह, धनु या अग्नितत्त्वाच्या राशीतला बुध पटकन आणि ठासून बोलणारा. वृषभ, कन्या, मकर या पृथ्वीतत्त्वाच्या राशीतला बुध हिशेबाने, तपशिलाने बोलणारा. मिथुन, तूळ, कुंभ या वायुतत्त्वाच्या राशीतला बुध चर्चेत रमणारा. कर्क, वृश्चिक, मीन या जलतत्त्वाच्या राशीतला बुध आधी मनाला काय वाटते ते पाहणारा आणि मग बोलणारा, किंवा न बोलणारा. त्यातही कन्या ही बुधाची स्वतःची रास आहे आणि तेथेच तो उच्चीचा मानला जातो. तिच्या बरोबर समोरची मीन ही त्याची नीच रास. हा उच्च-नीच शब्द पुढे महत्त्वाचा ठरणार आहे, तो लक्षात ठेवावा.

एका उदाहरणावरून हे स्पष्ट होईल. उदाहरण समजावण्यासाठी रचलेले आहे, पण त्यातले ग्रह प्रत्यक्षात तसे असू शकतात. डोंबिवलीला राहणारे एक जोडपे घेऊ. वय चाळिशीच्या पुढचे, दोघेही नोकरी करणारे. नवऱ्याचे घर कणकवलीजवळच्या गावात, तिचे माहेर साताऱ्याकडचे. त्याचा जन्म एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यातला, रवी मेषेत आणि बुध मीनेत २० अंशांवर. तिचा जन्म ऑक्टोबरच्या मध्यातला, रवी कन्येच्या अखेरीस आणि बुध कन्येत १२ अंशांवर. म्हणजे तिचा बुध उच्चीचा, त्याचा नीच राशीतला आणि दोन्ही एकमेकांपासून सातवे, समोरासमोर. ज्योतिषी याला समसप्तक म्हणतात.

त्यांचे दरवर्षीचे भांडण गणपतीला गावी जाण्याचे. कोकण रेल्वेचे आरक्षण हल्ली प्रवासाच्या ६० दिवस आधी उघडते आणि गणपतीच्या गाड्या पाहता पाहता भरतात. म्हणून ती अडीच महिने आधीच विचारते, ‘किती दिवस राहायचं, परतीचं तिकीट कोणत्या तारखेचं काढायचं?’ तो म्हणतो, ‘बघू.’ चार दिवसांनी ती पुन्हा विचारते, तो म्हणतो, ‘आईशी बोलतो.’ आरक्षण उघडण्याच्या आदल्या रात्री ती विचारते, ‘बोललात का? पाच दिवस की सात? गौरीला मला साताऱ्याला जाता येणार आहे की नाही?’ तो गप्प. ती म्हणते, ‘साधं हो की नाही सांगायला काय होतं?’ मग तो पेपर उचलतो, नाहीतर गच्चीवर निघून जातो. तिकडून फोन करून तो भावाला सांगतो की, आम्ही सात दिवस येतोय. ते तिला दुसऱ्या दिवशी जावेकडून कळते. यानंतर जे होते त्याचे वर्णन करायला नको.

ज्योतिषी याचा उलगडा असा करतो. तिच्या कन्येच्या बुधाला यादी हवी, तारीख हवी, हो किंवा नाही हवे. प्रश्न विचारणे ही तिची काळजी करण्याची रीत आहे. त्याच्या मीनेच्या बुधाला नेमके उत्तर देणे म्हणजे कोणाला तरी दुखावणे वाटते. पाच म्हटले तर आई दुखावणार, सात म्हटले तर बायको. म्हणून तो ‘बघू’ म्हणतो. त्याचे ‘बघू’ म्हणजे नकार नव्हे, तो न सुटलेला विचार आहे. पण तिच्या कानाला ते टाळणे वाटते. तिचे तीन प्रश्न म्हणजे केवळ चौकशी, पण त्याच्या कानाला ते आरोपपत्र वाटते. दोन्ही बुध समोरासमोर असल्यामुळे एकात जे आहे तेच नेमके दुसऱ्यात नाही. ती जितकी पुढे सरकते तितका तो मागे सरतो, आणि तो जितका मागे सरतो तितकी ती पुढे सरकते. कारण जन्माचे असल्यामुळे निमित्त बदलले तरी भांडणाचा साचा तोच राहतो.

हे ऐकताना जोडप्यातील दोघेही मान डोलावतात आणि त्यात नवल नाही. विवाहाचा अभ्यास करणाऱ्या मानसशास्त्रज्ञांनीही हाच साचा नोंदवून ठेवला आहे. एक जण मागणी करतो, बोलायला लावतो, आणि दुसरा माघार घेतो. एकाची कृती दुसऱ्याच्या कृतीला खतपाणी घालते. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन यांनी जोडप्यांची संभाषणे चित्रित करून अनेक वर्षे अभ्यास केला. त्यांचे एक निरीक्षण असे की, जोडप्यांमधील मतभेदांपैकी सुमारे ६९ टक्के कधी सुटतच नाहीत. ते स्वभावातल्या आणि गरजांतल्या कायमच्या फरकांतून येतात आणि म्हणून पुनःपुन्हा येतात. म्हणजे ‘तेच ते भांडण’ ही सुखी घरांतही आढळणारी गोष्ट आहे. ज्योतिषाने केलेले भांडणाचे वर्णन बरोबर असू शकते. प्रश्न आहे तो कारणाचा. हा साचा बुधामुळे झाला का?

याची एक साधी तपासणी आपल्याच उदाहरणात करता येते. आपली पंचांगे निरयन पद्धतीची आहेत, म्हणजे राशी तारकांच्या संदर्भाने मोजतात. पाश्चात्त्य ज्योतिषी सायन पद्धत वापरतात आणि वसंतसंपातापासून मोजतात. या दोन आरंभबिंदूंमधले अंतर, म्हणजे अयनांश, आज सुमारे २४ अंश आहे. या जोडप्याच्या जन्माच्या वेळी ते साडेतेवीसच्या आसपास होते. एक रास ३० अंशांची. त्यामुळे पाचांपैकी साधारण चार जणांच्या बाबतीत निरयन बुध एका राशीत आणि सायन बुध पुढच्या राशीत निघतो.

आता आपल्या जोडप्याकडे पाहा. त्याचा मीनेतला बुध सायन पद्धतीने मेषेत सुमारे १४ अंशांवर जातो. तिचा कन्येतला बुध तुळेत ६ अंशांच्या आसपास जातो. दोन्ही बुध अजून समोरासमोरच आहेत, पण स्वभाव उलटले. पाश्चात्त्य पुस्तकात मेषेचा बुध म्हणजे फटकळ, तोंडावर बोलणारा, थांबायला तयार नसलेला. तुळेचा बुध म्हणजे सर्वांचे मन राखणारा, दोन्ही बाजू तोलत बसणारा, निर्णय लांबवणारा. म्हणजे या पद्धतीने ‘बघू’ म्हणणारी ती ठरते आणि ‘हो की नाही ते सांग’ म्हणणारा तो! ग्रह तेच, आकाश तेच, जोडपेही तेच, आणि वर्णने मात्र एकमेकांच्या उलट. दोन्ही पद्धतींचे ज्योतिषी आपापल्या ग्राहकांना पटतील अशी उत्तरे देतात. कारण समोर बसलेले जोडपे बोलत असते, आणि अनुभवी ज्योतिषी पत्रिकेइतकेच, किंबहुना अधिक, त्या दोघांकडे पाहत असतो.

दुसरी गोष्ट आकाशातल्या भूमितीची. बुध सूर्याच्या अगदी जवळून फिरतो. त्यामुळे पृथ्वीवरून पाहताना तो सूर्यापासून २८ अंशांपेक्षा अधिक दूर कधीच दिसत नाही. याचा अर्थ, आपला बुध आपल्या रवीच्या राशीत, तिच्या आधीच्या किंवा पुढच्या राशीतच असतो. बारांपैकी तीनच राशी. मीनेचा बुध असायचा तर जन्म फेब्रुवारीच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंतचाच हवा. कन्येचा बुध असायचा तर ऑगस्टच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंतचा. शिवाय बुध एका राशीत साधारण तीन आठवडे, आणि तेथे वक्री झाला तर दोन महिन्यांपर्यंतही राहतो. तेवढ्या काळात जन्मलेल्या लाखो मुलांचा बुध एकाच राशीत असतो. त्या सगळ्यांनी पुढे लग्नानंतर ‘बघू’च म्हणायचे, हे मानायला जड जाते.

यातूनच तपासणीचा एक मार्ग निघतो. बुध रवीला असा बांधलेला असल्यामुळे, बुधाच्या जोड्यांचा विवाहावर जर मोठा परिणाम होत असेल, तर तो जोडप्यांच्या रवीच्या राशींतही थोडाफार उमटायला हवा. मँचेस्टर विद्यापीठातील डेव्हिड व्होआस यांनी इंग्लंड आणि वेल्सच्या २००१ च्या जनगणनेतील सुमारे दोन कोटी पती-पत्नींच्या जन्मतारखा पाहिल्या आणि २००७ मध्ये निष्कर्ष मांडले. कोणत्याही राशीच्या माणसांचा दुसऱ्या कोणत्या राशीकडे ओढा दिसला नाही. जन्मतारखा भरताना होणाऱ्या चुका वजा केल्यावर सर्व जोड्या योगायोगाने याव्यात तेवढ्याच आढळल्या. हा अभ्यास भांडणांचा नव्हता, कोणाचे लग्न कोणाशी झाले आहे याचा होता. तरीही एवढ्या मोठ्या संख्येत काहीच उमटू नये, हे पुरेसे बोलके आहे.

आता तिसरी गोष्ट, काळाची. ‘साचा जन्माचा असेल, तर मग रोज का भांडत नाही?’ असे विचारले, की ज्योतिषी गोचराकडे वळतो. दशा, मंगळाचे भ्रमण आणि विशेषतः वक्री बुध. वक्री म्हणजे काय हे समजून घेऊ. बुधाची सूर्याभोवतीची फेरी ८८ दिवसांची, आपली वर्षाची. आतल्या वाटेवरचा बुध दर ११६ दिवसांनी पृथ्वीला मागे टाकून पुढे जातो. शेजारच्या रुळावरची वेगवान गाडी आपल्या पुढे निघून जाताना तिच्यामागचे देखावे जसे सरकल्यासारखे दिसतात, तसा त्या सुमारास बुध ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर उलट जाताना दिसतो. प्रत्यक्षात तो उलटा फिरत नाही. असे वर्षातून तीनदा, क्वचित चारदा होते आणि प्रत्येक वेळी साधारण तीन आठवडे चालते. उदाहरणार्थ, २०२५ मध्ये बुध मार्चच्या मध्यापासून एप्रिलच्या पहिल्या आठवड्यापर्यंत, मग १८ जुलै ते ११ ऑगस्ट आणि पुन्हा नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापासून महिनाअखेरपर्यंत वक्री होता.

ज्योतिषी म्हणतात, या काळात जुने विषय उकरून निघतात, निरोप चुकतात, बोललेले उलटे ऐकू येते. हे खरे आहे का, हे ज्याचे त्याला घरी पाहता येते. त्यासाठी ११६ दिवसांची, म्हणजे जेमतेम चार महिन्यांची एक वही पुरते. भांडण झाले की चार गोष्टी लिहायच्या. तारीख, वेळ, निमित्त आणि पहिले वाक्य कोणते होते. चार महिने पंचांग अजिबात उघडायचे नाही. शेवटी वक्री बुधाचे दिवस शोधून त्यांच्यावर खूण करायची. ११६ दिवसांत वक्री दिवस साधारण २२, म्हणजे जवळपास एक पंचमांश. चार महिन्यांत २० भांडणे झाली असतील, तर काहीही संबंध नसतानाही त्यांतली चारएक वक्री काळात पडणारच. तीन पडली किंवा पाच पडली, तर त्यात विशेष काही नाही. बारा-तेरा पडली तर खुशाल विचार करावा, आणि पुढचे चार महिने पुन्हा वही ठेवून ते टिकते का पाहावे.

येथे एका गोष्टीकडे लक्ष हवे. काही ज्योतिषी वक्री काळाच्या आधीचे दोन आणि नंतरचे दोन आठवडेही ‘छाया’ म्हणून धरतात. मग एकेक काळ सात आठवड्यांचा होतो आणि वर्षातले २१ आठवडे, म्हणजे चाळीस टक्के दिवस त्यात बसतात. त्यात मंगळाची दृष्टी, अष्टमातला चंद्र आणि अमावस्या मिळवली की भांडणासाठी कारण सापडणार नाही असा दिवस शोधणे अवघड. नीच बुधाचेही तसेच. नीच बुधाचा माणूस नीट बोलणारा निघाला, तर नीचभंग झाला असे सांगतात. मीनेचा स्वामी गुरू लग्नापासून किंवा चंद्रापासून केंद्रात असेल तर नीचत्व संपते, असा एक नियम आहे. केंद्रे चार, बारांपैकी एक तृतीयांश स्थाने, तीही दोन ठिकाणांहून मोजायची. म्हणजे सुमारे निम्म्या पत्रिकांत या एकाच नियमाने पळवाट मिळते. जे स्पष्टीकरण कोणत्याही उत्तराला बसते, ते कोणत्याही एका उत्तराविषयी काहीच सांगत नाही.

मग ज्योतिषाकडे जाऊन आल्यावर काही जोडप्यांना बरे का वाटते? त्यांचे भांडण काही काळ कमी का होते? याचे उत्तर त्या बैठकीत आहे. तेथे दोघे एका खोलीत शेजारी बसतात आणि तिसरा माणूस पाऊण तास त्यांच्या बोलण्याविषयी बोलतो. दोघांपैकी कोणी मध्ये उठून जात नाही. दुसरे म्हणजे, दोष एकमेकांवरून उचलून ग्रहावर ठेवला जातो. ‘तुम्ही टाळता’ याऐवजी ‘यांचा बुध मीनेचा आहे’ असे ऐकले, की तिला त्याच्या गप्प बसण्यात दुष्टावा दिसत नाही. ‘तू छळतेस’ याऐवजी ‘यांचा बुध कन्येचा’ असे ऐकले, की त्याला तिच्या प्रश्नांत काळजी दिसू लागते. तिसरे म्हणजे, जाणता ज्योतिषी पत्रिका मिटताना चार व्यवहाराच्या गोष्टी सांगतो. तिने एका वेळी एकच प्रश्न विचारावा आणि उत्तरासाठी दोन दिवस द्यावेत. त्याने दोन दिवसांनी उत्तर द्यायचेच, मग ते ‘अजून ठरत नाही, रविवारी सांगतो’ असे का असेना. आणि कोणताही निर्णय आधी घरात सांगायचा, मग गावी. हा सल्ला चांगलाच आहे. गॉटमन यांच्या अभ्यासातही वादाची पहिली तीन मिनिटे फार महत्त्वाची ठरली. सुरुवात टोचून झाली की शेवटही बहुधा तसाच होतो, असे त्यांना आढळले. पण या सल्ल्याला बुधाची गरज नाही. बुध मीनेत असो की मेषेत, तो तितकाच लागू पडतो.

ती चार महिन्यांची वहीसुद्धा बुधाविषयी बहुधा काही सांगणार नाही, पण घराविषयी बरेच सांगू शकेल. भांडणे रात्री साडेनऊनंतरच होतात का, महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात वाढतात का, गावाहून फोन आल्यावर तासाभरात होतात का, पहिले वाक्य बहुतेक वेळा ‘तुम्ही नेहमी’ किंवा ‘तू कधीच’ असे असते का, हे त्यात डोळ्यांसमोर येते. आपल्या डोंबिवलीच्या जोडप्याच्या भांडणाचे खरे कारण पाहिले, तर ते पाच दिवस की सात हे नाहीच. गौरीला तिला माहेरी जाता येईल की नाही हा प्रश्न कोणी मोठ्याने मांडतच नाही, आणि आईला ‘पाचच दिवस’ हे सांगण्याचे काम त्याला एकट्याला करायचे आहे. हे दोन्ही कागदावर आले, की तिकीट कोणत्या तारखेचे हे ठरवायला फार वेळ लागत नाही.

आता सावधगिरीचे. ज्या क्षणी ग्रह दोघांमधून उठून एकाच्या डोक्यावर बसतो, त्या क्षणी हा सगळा फायदा संपतो. उच्च आणि नीच हे ज्योतिषातले पारिभाषिक शब्द आहेत, पण ते घरात जाताना माणसाला चिकटतात. ‘हिचा बुध बिघडलेला आहे’ हे वाक्य सासूच्या तोंडी गेले, की सुनेने केलेला प्रत्येक साधा प्रश्न ग्रहदोष ठरतो. ‘माझा बुधच नीच, मी काय करू’ हे नवऱ्याच्या तोंडी गेले, की न बोलण्याला कायमची सूट मिळते. ज्योतिषाने दोघांच्या वागण्याबद्दल बोलण्याऐवजी एकालाच उपाय सांगितले, तर ते धोक्याचे चिन्ह समजावे. उपायांतही फरक आहे. बुधवारी हिरवे मूग दान करणे किंवा विष्णुसहस्रनाम म्हणणे यात श्रद्धेचा भाग आहे, त्याने कोणाचे नुकसान होत नाही. पण करंगळीत घालायचा पाचू अमुक दुकानातूनच, आजच्या आजच घ्या, नाहीतर संसार मोडेल, असे कोणी सांगू लागला तर तेथून उठावे. भीती दाखवून विकलेल्या खड्याने बोलणे सुधारत नाही, उलट त्याच्या हप्त्यावरून नवे भांडण सुरू होते.

आणि एक गोष्ट कोणत्याही परिस्थितीत बुधावर ढकलू नये. आवाज चढणे वेगळे आणि हात उगारणे वेगळे. एकजण बोलायला घाबरत असेल, पैसे काढून घेतले जात असतील, माहेरी फोन करू दिला जात नसेल, दारू पिऊन मारहाण होत असेल, तर ते ‘बुधांचे समसप्तक’ नव्हे, तो कौटुंबिक हिंसाचार आहे. त्यासाठी २००५ चा कायदा आहे आणि महिलांसाठी १८१ हा मदतीचा क्रमांक आहे. अशा घरात ‘वक्री बुध संपेपर्यंत जपून राहा’ हा सल्ला देणारा माणूस, मग तो कितीही नावाजलेला असो, त्या बाईला धोक्यात घालतो.

बाकीच्या घरांत, जेथे दोघेही एकमेकांना घाबरत नाहीत पण तेच ते बोलून दमले आहेत, तेथे बुधाची भाषा एका मर्यादेपर्यंत वापरायला हरकत नाही. ‘आपण दोघे वेगळ्या पद्धतीने बोलतो’ हे सांगण्याची ती एक जुनी, आपल्या ओळखीची रीत आहे. फक्त ती वापरताना दोन प्रश्न जवळ ठेवावेत. हे स्पष्टीकरण ऐकून मी स्वतःच्या वागण्यात काय बदलणार आहे? आणि हेच स्पष्टीकरण उद्या ज्योतिषाने उलटे सांगितले असते, तर मला तितकेच पटले असते का? पहिल्याचे उत्तर ‘काहीच नाही’ आणि दुसऱ्याचे ‘हो’ असेल, तर पत्रिका मिटून ठेवावी आणि गणपतीच्या तिकिटाचा विषय आरक्षण उघडण्याच्या आदल्या रात्री न काढता, एखाद्या रविवारी सकाळी, चहा घेताना काढावा.